लोकलची वाट किती पाहावी लागेल? संचयी फलन, आणि त्यातून घनता कशी काढायची

लोकलसाठी बरोबर पाच मिनिटं थांबावं लागण्याची संभाव्यता किती? उत्तर शून्य आहे. बरोबर पाच म्हणजे ४.९९९ नाही आणि ५.००१ही नाही. ज्या क्षणी तुम्ही फलाटावर पाय ठेवलात तो क्षण दशांशाच्या शेवटच्या घरापर्यंत जुळायला हवा, आणि दशांशाला शेवटचं घर नसतंच. साडेचार मिनिटांबद्दल, सव्वासहा मिनिटांबद्दल, कुठल्याही एका नेमक्या आकड्याबद्दल विचारलंत तरी हेच उत्तर येईल. तरीही प्रत्येक प्रवाशाला काही ना काही वेळ थांबावंच लागतं. प्रत्येक आकड्याची संभाव्यता शून्य, आणि सगळ्यांची मिळून एक, हे कोडं सतत बदलणाऱ्या कुठल्याही राशीपाशी उभं राहतं. वेळ, उंची, वजन, पाऊस, तापमान, सगळीकडे.

यातून वाट निघते ती प्रश्न बदलून. ‘बरोबर पाच मिनिटं’ असं न विचारता ‘जास्तीत जास्त पाच मिनिटं’ असं विचारायचं. या प्रश्नाला अर्थपूर्ण उत्तर असतं, आणि पाचच्या जागी कुठलाही आकडा घातला तरी असतं. आकडा द्यावा, आणि ‘राशी या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी असण्याची संभाव्यता’ मिळावी, अशी जी यंत्रणा तयार होते तिला संचयी वितरण फलन म्हणतात. महाविद्यालयात तिला सीडीएफ म्हणतात आणि लिहिताना F हे अक्षर वापरतात. वाट पाहण्याच्या वेळेला T म्हटलं, तर

F(t) = P(T ≤ t)

P म्हणजे संभाव्यता. डाव्या बाजूचा छोटा t हा आपण निवडलेला आकडा. मोठा T म्हणजे अजून ठरायची असलेली वेळ. या दोघांत गल्लत केली की पुढचं सगळं धूसर होतं, म्हणून इथेच थोडं थांबून हे मनात पक्कं करावं.

आता एक वेळापत्रक घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी निवडले आहेत, पण घडण खरी आहे, कारण गाड्या समान अंतरानं येत नाहीत. समजा एका स्थानकावर ८:००, ८:०४, ८:१० आणि ८:२० ला गाडी आहे, आणि पुढे हाच क्रम दर वीस मिनिटांनी फिरत राहतो. म्हणजे दोन गाड्यांमधली अंतरं चार, सहा आणि दहा मिनिटांची. गाड्या वेळेवर येतात, क्षणभर थांबून सुटतात, आणि तुम्ही वेळापत्रक न बघता या वीस मिनिटांतल्या कुठल्याही क्षणी फलाटावर पोचता. कुठल्याच क्षणाला झुकतं माप नाही. शेवटची अट महत्त्वाची आहे. जो प्रवासी ८:१०ची गाडी धरायची म्हणून घरून हिशेबानं निघतो, त्याला पुढचे आकडे लागू नाहीत.

जास्तीत जास्त तीन मिनिटं थांबावं लागण्याची संभाव्यता काढू. त्यासाठी तुम्ही कुठल्या तरी गाडीच्या आधीच्या तीन मिनिटांत पोचायला हवं. ८:०४च्या आधी अशी तीन मिनिटं आहेत, ८:१०च्या आधी तीन, ८:२०च्या आधी तीन. एकूण वीसपैकी नऊ. म्हणून F(३) = ९/२० = ०.४५.

पाच मिनिटांचं काय? इथे हिशेब थोडा वळतो. ८:०४च्या गाडीआधी पाच मिनिटं मोजायला जागाच नाही, कारण तिच्या आधीचं अंतर मुळात चार मिनिटांचं आहे. तिथून चारच मिळतात. उरलेल्या दोन गाड्यांआधी पाच-पाच. एकूण चौदा, म्हणून F(५) = ०.७. आणि आठ मिनिटांसाठी चार, सहा आणि आठ अशी बेरीज अठरा, म्हणून F(८) = ०.९.

नियम आपोआप दिसतो. प्रत्येक अंतरातून t मिनिटं घ्यायची, अंतर त्याहून लहान असेल तर ते पूर्ण घ्यायचं, बेरीज करायची आणि वीसनं भागायचं. तुकड्यांत मांडलं तर असं होतं:

t शून्य ते चारमध्ये असताना F(t) = ३t/२०
t चार ते सहामध्ये असताना F(t) = (२t + ४)/२०
t सहा ते दहामध्ये असताना F(t) = (t + १०)/२०

शून्याच्या आधी F शून्य, कारण उणे वेळ कोणी थांबत नाही. दहानंतर F एक, कारण दहा मिनिटांपेक्षा जास्त कोणालाच थांबावं लागत नाही. कागदावर काढलं तर शून्यापासून चढणारी एक रेघ दिसते. चारपर्यंत ती चांगली उभी चढते आणि ०.६ वर पोचते, तिथे जरा वाकते, सहाला ०.८ गाठते, पुन्हा वाकते, आणि दहाला १ वर जाऊन आडवी होते.

या रेघेला काही गोष्टी करता येत नाहीत. ती खाली उतरू शकत नाही, कारण ‘जास्तीत जास्त आठ मिनिटं’ या शक्यतेत ‘जास्तीत जास्त पाच मिनिटं’ ही आधीच सामावलेली आहे. ती शून्याच्या खाली किंवा एकाच्या वर जात नाही. आणि या उदाहरणात ती कुठे उडीही मारत नाही, कारण कुठल्याही एका नेमक्या वेळेपाशी संभाव्यतेचा ढीग साचलेला नाही. स्वतः काढलेलं F तपासायचं असेल तर तुकडे जिथे जुळतात तिथे दोन्ही सूत्रांत आकडा घालून पाहावा. चार घातलं तर पहिल्या सूत्रातून १२/२० येतात, दुसऱ्यातूनही १२/२०. सहाला दोन्हीकडून १६/२०. जुळलं नाही तर कुठेतरी चूक आहे, किंवा राशी खरोखरच उडी मारणारी आहे. त्या उडीकडे पुढे येऊ.

F हाताशी आलं की दोन आकड्यांमधल्या पट्ट्याची संभाव्यता काढायला फक्त वजाबाकी लागते. तीन ते आठ मिनिटांदरम्यान थांबावं लागण्याची संभाव्यता म्हणजे ‘जास्तीत जास्त आठ’मधून ‘जास्तीत जास्त तीन’ काढून टाकणं:

P(३ < T ≤ ८) = F(८) − F(३) = ०.९ − ०.४५ = ०.४५

नेमके तीन किंवा नेमके आठ धरायचे की नाहीत, याची इथे चिंता नको. त्यांची संभाव्यता शून्य असल्यानं < लिहिलं काय आणि ≤ लिहिलं काय, उत्तर तेच राहतं. पाच मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची संभाव्यता १ − F(५), म्हणजे ०.३.

याच वजाबाकीतून एक जास्त उपयोगी प्रश्न सुटतो. तुम्ही सहा मिनिटं थांबला आहात आणि गाडी अजून आलेली नाही. पुढच्या दोन मिनिटांत ती येण्याची संभाव्यता किती? घाईत F(८) − F(६) = ०.१ असं उत्तर दिलं जातं, आणि ते चूक आहे. ते ०.१ हे फलाटावर येणाऱ्या सगळ्या प्रवाशांपैकी आहे. तुम्ही आता त्या सगळ्यांमधले एक राहिलेले नाही; सहा मिनिटांनंतरही जे उभे आहेत त्या १ − F(६) = ०.२ मधले आहात. म्हणून भागाकार हवा: ०.१ भागिले ०.२, म्हणजे ०.५. नुकतंच येऊन उभं राहिलेल्या माणसासाठी पुढच्या दोन मिनिटांची संभाव्यता F(२) = ०.३ होती. म्हणजे या वेळापत्रकात थांबल्याचं काहीतरी चीज होतं. सहा मिनिटं उलटली याचा अर्थ तुम्ही दहा मिनिटांच्या अंतरातच आला होतात, आणि त्यातली शेवटची चार मिनिटं उरली आहेत. दोन भागिले चार, अर्धं. सूत्र आणि साधा विचार दोन्ही एकाच आकड्यावर येतात, आणि अशी जुळवाजुळव जिथे शक्य असेल तिथे नेहमी करून पाहावी.

F उलट दिशेनंही वाचता येतं. अर्ध्या प्रवाशांना किती वेळाच्या आत गाडी मिळते? F(t) = ०.५ ठेवायचं. ०.५ हे ०.६च्या खाली आहे, म्हणून पहिला तुकडा लागू: ३t/२० = ०.५, म्हणजे t = १०/३, तीन मिनिटं वीस सेकंद. शंभरात पंच्याण्णव वेळा गाडी मिळेल अशी मुभा ठेवायची असेल तर ०.९५ तिसऱ्या तुकड्यात पडतं, (t + १०)/२० = ०.९५, आणि उत्तर नऊ मिनिटं. कुठला तुकडा वापरायचा हे आधी F च्या किमतीवरून ठरवायचं. हे न करता पहिल्याच सूत्रात ०.९५ घातलं तर सव्वासहा मिनिटांच्या आसपासचं उत्तर येतं. ते उत्तर स्वतःच सांगतं की आपण चुकलो, कारण पहिलं सूत्र चार मिनिटांच्या पुढे चालतच नाही.

आता घनता. F आपल्याला आत्तापर्यंतचा साठा सांगतं. पण पाच मिनिटांच्या आसपास संभाव्यता किती दाट आहे आणि नऊच्या आसपास किती विरळ, हे विचारायचं असेल तर साठा किती वेगानं वाढतोय ते बघावं लागतं. गाडीच्या डॅशबोर्डवर एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा असतो आणि वेग दाखवणारा काटा असतो. F हा पहिला, घनता हा दुसरा.

वेग काढतात तशीच घनता काढायची. छोटा पट्टा घ्या, त्यातली संभाव्यता काढा, पट्ट्याच्या रुंदीनं भागा. तीन ते ३.१ मिनिटांच्या पट्ट्यात F(३.१) − F(३) = ०.४६५ − ०.४५ = ०.०१५. रुंदी ०.१ मिनिट. भागाकार ०.१५. पट्टा आणखी अरुंद केला, ३ ते ३.०१, तर संभाव्यता ०.००१५ होते आणि भागाकार पुन्हा ०.१५. पट्ट्यातली संभाव्यता शून्याकडे जाते, पण गुणोत्तर एका आकड्यावर टिकून राहतं. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हेच आहे: नेमक्या बिंदूची संभाव्यता शून्य असली तरी त्या बिंदूपाशी संभाव्यता कोणत्या दरानं साचते तो दर शून्य नसतो. या दराला संभाव्यता घनता म्हणतात, आणि ती f(t) अशी लिहितात. गणिताच्या भाषेत f म्हणजे F चा विकलज, म्हणजेच F च्या रेघेचा त्या जागचा चढ.

आपल्या तीन तुकड्यांत रेघा सरळ आहेत, म्हणून चढ लगेच दिसतो:

शून्य ते चारमध्ये f(t) = ३/२० = ०.१५
चार ते सहामध्ये f(t) = २/२० = ०.१०
सहा ते दहामध्ये f(t) = १/२० = ०.०५

या तीन, दोन आणि एक या आकड्यांकडे जरा निवांत पाहा. तीन मिनिटं थांबावं लागणं हे तिन्ही अंतरांत घडू शकतं. पाच मिनिटं थांबावं लागणं फक्त सहा आणि दहाच्या अंतरात, म्हणून दोन. नऊ मिनिटं फक्त दहाच्या अंतरात, म्हणून एक. घनता मोजतेय ती इतकी थांबायला लावू शकणारी अंतरं. मला हे फार आवडतं, कारण इथे विकलज हा नुसता सूत्रांचा खेळ राहत नाही. रेघेचा चढ फलाटावरची एक गोष्ट सांगतो. कुठल्याही सीडीएफचा विकलज घेतल्यावर असा प्रश्न विचारावा की हा दर नेमका कशामुळे इतका आहे. बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

बरोबर चार मिनिटांपाशी घनता किती? डावीकडून येताना चढ ०.१५ आहे, उजवीकडे जाताना ०.१०. तिथे रेघेला कोपरा आहे आणि एकच असा चढ नाही, म्हणजे विकलज अस्तित्वात नाही. विद्यार्थी इथे अडतात, पण अडायचं कारण नाही. चारला f ची किंमत ०.१५ ठेवा, ०.१० ठेवा, वाटल्यास शून्य ठेवा. घनतेचा उपयोग तिच्याखालचं क्षेत्रफळ काढण्यासाठी होतो, आणि एका बिंदूवरच्या पट्टीला रुंदी नसल्यानं क्षेत्रफळही नसतं. असे मोजके कोपरे असले तरी घनता निर्धोकपणे वापरता येते.

क्षेत्रफळानं उलटा प्रवास होतो. पट्ट्याची संभाव्यता घनतेवरून काढायची तर त्या पट्ट्यावरचं घनतेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ घ्यायचं. तीन ते आठसाठी: तीन ते चार हा एक मिनिटाचा तुकडा ०.१५ उंचीचा, म्हणून ०.१५. चार ते सहा दोन मिनिटांचा ०.१० उंचीचा, म्हणून ०.२०. सहा ते आठ दोन मिनिटांचा ०.०५ उंचीचा, म्हणून ०.१०. बेरीज ०.४५, जी वजाबाकीनं मिळाली होती तीच. शून्य ते दहा सगळं क्षेत्रफळ ०.६ + ०.२ + ०.२, म्हणजे एक. घनता काढून झाली की ही एकची तपासणी करायलाच हवी. पुढे तिचा उपयोग दिसेलच.

घनतेवरून परत F बांधताना एक चूक हमखास होते. चार ते सहा या तुकड्यात घनता ०.१० आहे, म्हणून F(t) = ०.१०(t − ४) असं लिहिलं जातं. त्यानं F(५) = ०.१ येतं, जे अशक्य आहे, कारण F(४)च ०.६ होतं आणि F खाली उतरू शकत नाही. चारपर्यंत साचलेला साठा विसरला गेला. बरोबर सूत्र ०.६ + ०.१०(t − ४), आणि त्यातून F(५) = ०.७ येतं. तुकड्यांची घनता असेल तेव्हा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या किमतीपासून सुरू करायचा.

घनता म्हणजे संभाव्यता नव्हे, हे वाक्य पुस्तकांत असतं, पण ते कळतं एकक बदलल्यावर. आपली घनता ‘दर मिनिटाला ०.१५’ आहे. हीच वेळ तासांत मोजली तर? वाट पाहण्याची वेळ तासांत H मानली, तर H ≤ h म्हणजेच T ≤ ६०h. म्हणून H चं संचयी फलन h पाशी घेते ती किंमत F(६०h). h जरासा बदलला की आतला ६०h साठपट बदलतो, म्हणून त्याचा चढ काढला की साखळी नियमानं ६० बाहेर येतो: घनता ६० × f(६०h). पहिल्या चार मिनिटांत, म्हणजे तासाच्या पंधराव्या भागापर्यंत, ती ६० × ०.१५ = ९ होते. नऊ! कुठलीही संभाव्यता एकाच्या वर जात नाही, घनता खुशाल जाते. क्षेत्रफळ मात्र तेच आहे, नऊ गुणिले एक पंधरांश, म्हणजे ०.६. संभाव्यता जशीच्या तशी राहिली, फक्त रुंदी आकसली म्हणून उंची वाढली.

आणि इथे काम कोणत्या क्रमानं केलं तेही बघा. मिनिटांवरून तासांवर जाताना आधी संचयी फलन नवीन राशीत लिहिलं, मग चढ काढला. सुरुवातीलाच घनतेत ६०h घालून मोकळं झालो असतो तर घनता ०.१५च राहिली असती, आणि एकूण क्षेत्रफळ एक साठांश आलं असतं. राशी बदलायची असेल तेव्हा आधी F बदलावं, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण F च्या प्रत्येक किमतीमागे ‘इतक्याहून कमी’ असं बोलून दाखवता येणारं वाक्य असतं.

सरासरी वाटही F वरूनच निघते. उणे न होणाऱ्या राशीची सरासरी म्हणजे F ची रेघ आणि वरची १ची आडवी रेघ यांमधलं क्षेत्रफळ. शून्य ते चारमध्ये ही फट १ पासून ०.४ पर्यंत सरळ उतरते, सरासरी ०.७, गुणिले चार, २.८. चार ते सहामध्ये ०.४ ते ०.२, सरासरी ०.३, गुणिले दोन, ०.६. शेवटच्या चार मिनिटांत सरासरी ०.१, म्हणून ०.४. एकूण ३.८ मिनिटं. गाड्यांमधलं सरासरी अंतर सहा मिनिटं चाळीस सेकंद आहे, त्याचं अर्धं तीन मिनिटं वीस सेकंद. प्रत्यक्षात वाट त्याहून जास्त पाहावी लागते, कारण दहा मिनिटांचं अंतर लांब असल्यानं तुम्ही त्यातच सापडण्याची शक्यता जास्त.

आतापर्यंत एक सोय आपण गृहीत धरली होती: गाडी क्षणभरच थांबते. समजा प्रत्येक गाडी अर्धा मिनिट थांबते, आणि ती उभी असताना तुम्ही पोचलात तर वाट शून्य. वीस मिनिटांत असं दीड मिनिट आहे. म्हणून वाट नेमकी शून्य असण्याची संभाव्यता १.५/२०, म्हणजे ०.०७५. इथे एका बिंदूवर खरोखर ढीग साचला. मोकळी अंतरं आता साडेतीन, साडेपाच आणि साडेनऊ मिनिटांची उरली. F शून्याच्या डावीकडे ०, आणि नेमक्या शून्यावर एकदम ०.०७५. पुढे ते पूर्वीसारखंच चढत जातं आणि साडेनऊ मिनिटांना एकावर पोचतं.

हे लक्षात न घेता चढ काढला तर घनता मिळते ०.१५, ०.१० आणि ०.०५, फक्त तुकड्यांच्या सीमा बदललेल्या. क्षेत्रफळ करा: ०.१५ × ३.५ + ०.१० × २ + ०.०५ × ४ = ०.९२५. एक नाही. हरवलेले ०.०७५ म्हणजे ती उडी. उडीच्या जागी चढ काढताच येत नाही, म्हणून घनतेत तिचा मागमूस राहत नाही. एकची तपासणी का सोडायची नाही, ते इथे कळतं. आणि आता < आणि ≤ यांतला फरकही जिवंत होतो. ‘तीन मिनिटांपर्यंत वाट’ची संभाव्यता F(३) = ०.०७५ + ०.४५ = ०.५२५. ‘थोडी तरी वाट, पण तीन मिनिटांपर्यंत’ची मात्र F(३) − F(०) = ०.४५. वजाबाकीचं सूत्र चुकलेलं नाही. F(b) − F(a) हे नेहमीच ‘a पेक्षा जास्त आणि b पर्यंत’ची संभाव्यता देतं. a वर ढीग असेल आणि तो धरायचा असेल तर तो वेगळा मिळवावा लागतो. अशा राशीचं पूर्ण वर्णन एकट्या घनतेनं होत नाही, F नं मात्र होतं.

उडी नसली की घनता मिळतेच, असंही नाही. १८८०च्या दशकात गेओर्ग कँटर यांनी एक असं फलन दिलं जे शून्यापासून एकापर्यंत कुठेही उडी न मारता चढतं, पण जवळजवळ सर्वत्र आडवं असतं. त्याचा चढ काढून क्षेत्रफळ घेतलं तर शून्य येतं, सगळी संभाव्यताच हरवते. रोजच्या कामात असं फलन भेटत नाही. पण ‘सलग’ या एका शब्दावर विसंबून चालत नाही हे त्यातून कळतं; चढाचं क्षेत्रफळ परत F पर्यंत पोचायला हवं.

शेवटी, वेळापत्रक माहीत नसेल आणि हातात फक्त नोंदी असतील तर? समजा याच फलाटावरच्या २०० प्रवाशांच्या वाट पाहण्याच्या वेळा आपल्याकडे आहेत. F चा अंदाज बांधणं अगदी सोपं: प्रत्येक t साठी, २०० पैकी किती नोंदी t पर्यंतच्या, ते मोजून २०० नं भागायचं. नोंदी वाढत गेल्या की हा अंदाज पूर्ण पट्ट्यावर एकसाथ खऱ्या F च्या जवळ जातो. हे १९३३ मध्ये ग्लिवेंको आणि कँटेली यांनी सिद्ध केलं. पण हा अंदाज जिन्यासारखा दिसतो, प्रत्येक नोंदीपाशी एक दोनशेवा भाग उंचीची पायरी. त्याचा चढ काढायला गेलात तर पायऱ्यांमध्ये शून्य, आणि पायरीवर चढच नाही. F चा चांगला अंदाज हातात असूनही घनता हाती लागत नाही.

मग पट्टा घ्यावा लागतो, आणि तो किती रुंद घ्यायचा यात सगळी कसरत आहे. पाच मिनिटांपाशी खरी घनता ०.१० आहे हे आपल्याला माहीत आहे. ५ ते ५.१ असा ०.१ मिनिटाचा पट्टा घेतला तर त्यात २०० पैकी सरासरी दोन नोंदी पडतील. प्रत्यक्षात कधी एक, कधी चार, कधी एकही नाही. प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीपासून आकडा साधारण जितका हलतो ते माप, सुमारे १.४ नोंदींचं. घनतेचा अंदाज ०.१० च्या आसपास ०.०७ नं सहज इकडेतिकडे हलेल, म्हणजे तो वापरण्याजोगा नाही. चार ते सहा असा दोन मिनिटांचा पट्टा घेतला तर सरासरी ४० नोंदी, विचलन सुमारे ५.७, आणि घनतेच्या अंदाजातली हलचल जेमतेम ०.०१४. छान झालं.

पण तो पट्टा छान ठरला, कारण आपल्याला कोपरे कुठे आहेत ते ठाऊक होतं. ठाऊक नसताना कोणी तीन ते पाच असा तेवढाच रुंद पट्टा घेईल. त्यात खरी संभाव्यता F(५) − F(३) = ०.२५, भागिले दोन, ०.१२५. ही घनता या फलाटावर कुठेच नाही. डावीकडची ०.१५ आणि उजवीकडची ०.१० यांची ती सरासरी आहे, आणि २०० च्या जागी दोन लाख नोंदी घेतल्या तरी ती ०.१२५च राहील. म्हणून एकाच नोंदींवर पट्ट्यांच्या सीमा सरकवून आणि रुंदी बदलून दोन-तीनदा आलेख काढावा. जो उंचवटा किंवा जी पायरी प्रत्येक वेळी त्याच जागी दिसते ती बहुधा खरी. सीमा सरकवल्यावर जी हलते किंवा नाहीशी होते ती आपल्या पट्ट्यांनी तयार केलेली. आणि तीन ते पाच मिनिटं थांबावं लागण्याची संभाव्यता एवढंच हवं असेल, तर घनतेच्या या वाटेला जाण्याची गरजच नाही. जिन्यावरच्या दोन उंची वाचा आणि वजा करा.